सुरुवातीचे अकरा सेकंद

आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दोन टेबलं. दाराजवळचं माझं, प्रिंटरचं. आतलं खिडकीवाल्याचं. त्याच्या टेबलाजवळ खिडकी नाही, साधा झरोकासुद्धा नाही. हे नाव पडलं ते त्याच्या उपचारावरून. कुणाचा गेम सुरू होता होता बंद पडला की हा म्हणणार, "आधी खिडकीत टाकू या." म्हणजे गेम अख्खा पडदा न व्यापता एका चौकटीत उघडायचा.

त्यासाठी गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये लाँच ऑप्शन्स नावाचा एक रकाना असतो. तिथे डॅश देऊन ठरावीक शब्द लिहिले की गेम आपली जुनी सेटिंग बाजूला ठेवून त्या शब्दांचं ऐकतो. एक शब्द सुरुवातीचा व्हिडिओ गाळतो, एक खिडकीत उघडायला लावतो, आणि रुंदी-उंचीचे आकडे दिले की रेझोल्यूशन नव्याने ठरतं. हे शब्द गेमागणिक बदलतात. या पठ्ठ्याला ते सगळे तोंडपाठ. बायकोच्या वाढदिवसाची आठवण मात्र दरवर्षी मलाच करून द्यावी लागते.

माणूस सरळ. कुणाचा खेळलेला खेळ पुसला जाऊ नये म्हणून सेव्हचं फोल्डर आधी बाजूला कॉपी करणार, मगच हात लावणार. दोष एकच, घाई. एकेक शब्द टाकून बघायचं सोडून तिन्ही एकदम ठोकायचा. त्याही आधी लाँचरकडून, म्हणजे गेम उतरवून चालू करणाऱ्या प्रोग्रॅमकडून, गेमच्या फायली तपासून घ्यायचा. लाँचर प्रत्येक फाइल मुळाबरहुकूम आहे का बघतो, आणि नसेल ती नवी आणून जुनीच्या जागी ठेवतो. "तपासणीने कधी कुणाचं वाईट झालंय का?" असं तो म्हणायचा. मीही मान डोलवायचो. मला काय, मी प्रिंटरवाला.

एके दिवशी सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक बाई रिक्षातून कॉम्प्युटर घेऊन आल्या. स्क्रीनही सोबत होता, लहानसा, जुना.

"आमचा मोठा स्क्रीन फुटला हो. भाच्याने हा दिला. तेव्हापासून गेम सुरूच होत नाही. काळं होतं नि बंद पडतं."

"कुठला गेम, ताई?"

"तळ्यावरचा. मासे पकडायचा."

मी प्रिंटरच्या आडून हसलो. आता त्याची लाज वाटते. पन्नाशीची बाई, बोटांना सुयांचे व्रण, आणि मासे पकडायचा गेम! खिडकीवाला हसला नाही. त्याने विचारलं, "तुम्ही खेळता?"

"आमचे हे खेळायचे. शेवटची दोन वर्षं अंथरुणातच होते. वायरिंगची कामं केलेला माणूस, हात स्वस्थ बसायचे नाहीत. मग मलाही शिकवलं. जाऊन आठ महिने झाले. भाऊ, बाकी काही हलवू नका हं."

"काळजी सोडा. त्यांचा एक मासाही इकडचा तिकडे होणार नाही."

बाई आणखी काही बोलणार होत्या. माझ्याकडे त्यांची नजर गेली आणि त्या गप्प झाल्या. माझं ते हसू त्यांनी पाहिलं होतं की काय, हे मला आजवर विचारवलं नाही.

खिडकीवाल्याने शब्द पाळला. सेव्हचं फोल्डर कॉपी केलं. मग नेहमीप्रमाणे फायली तपासायला लावल्या. एक फाइल मुळाशी जुळत नव्हती, ती लाँचरने नवी आणली. तो खूश. "बघ, एक फाइल खराब होती!" मग तिन्ही शब्द एका दमात ठोकले. गेम उघडला. निळं तळं, काठाला होडी. मूळ दुखणं अगदी साधं होतं. गेम अजून फुटलेल्या मोठ्या स्क्रीनचं रेझोल्यूशन धरून बसला होता, आणि या लहान स्क्रीनला ते झेपत नव्हतं.

दुपारी बाई आल्या. खुर्चीत बसल्या, पर्समधून चष्मा काढला, पण लावला नाही. हातातच धरून पडद्याकडे बघत राहिल्या. तळं आलं, होडी आली.

"पकडलेले सगळे मासे जिथल्या तिथे आहेत, ताई," खिडकीवाला म्हणाला.

"आणि सुरुवातीचं?"

"ते गाळलंय. कंपनीचा व्हिडिओ असतो, उगाच वेळ खातो."

"नाही हो, कंपनीचा नाही. यांचा आहे." त्यांचा आवाज खाली गेला. "यांनीच घातलाय तिथे. खुर्चीत बसून बोलतात. 'आलीस का? बस. आधी चष्मा लाव.' अकरा सेकंदांचा आहे. मी खेळते कुठे, भाऊ? मी तेवढंच बघायला उघडते."

खिडकीवाल्याला अजून कळलं नव्हतं. मलाही नाही. "एवढंच ना? तो शब्द काढतो, येईल परत," असं म्हणत त्याने रकान्यातला तेवढा शब्द पुसला आणि गेम पुन्हा सुरू केला. पडदा काळा झाला. बाई पुढे वाकल्या. मग झगमगाट करत कंपनीचं नाव आलं, ढोल-ताशासारखं संगीत वाजलं, आणि खिडकीवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

न जुळलेली फाइल तीच होती. त्या वायरमनने कंपनीचा व्हिडिओ काढून त्याच नावाने, त्याच जागी आपला ठेवला होता. लाँचरच्या लेखी ती बिघडलेली फाइल. त्याने ती नीट केली.

"याची दुसरी कॉपी कुठे असेल, ताई? फोनमध्ये?"

"ज्याच्यावर काढला तो फोन दवाखान्याच्या धावपळीत बंद पडला. बदलून दुसरा घेतला. व्हिडिओ इथे आहे ना, म्हणून म्हटलं..."

त्याने बाईंना सगळं खरं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही. हातून चूक झाली, आधी विचारायला हवं होतं, असं म्हणाला. या जातीच्या डिस्कवरची पुसलेली फाइल बहुधा परत मिळत नाही, तरी दोन दिवस द्या, म्हणाला. ते दोन दिवस त्याने दुसरं काम घेतलं नाही. शोधणारी तीन सॉफ्टवेअर चालवून बघितली. काही म्हणजे काही हाती लागलं नाही. दुपारी एखादा घास खायचा आणि डबा झाकून ठेवायचा. मला त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त माझा.

नुसता खिडकीचा शब्द आणि लहान आकडे टाकले असते तर काम झालं असतं. तो माणूस छोट्याशा चौकटीत बसून बोलला असता. हे तो माझ्याजवळ पन्नासदा बोलला असेल. तेव्हापासून तो रकान्यात एका वेळी एकच शब्द टाकतो, फायली तपासायच्या आधी गेमचं अख्खं फोल्डर कॉपी करतो, आणि गिऱ्हाईक बसायच्या आत विचारतो, "उघडल्यावर सगळ्यात आधी काय दिसतं?" लोक चेष्टा करतात. मी करत नाही.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. काय झालं ते त्यांना त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "तो गाळायचा शब्द परत टाका, भाऊ. रोज उघडल्यावर ते कंपनीचं नाव बघायला नको मला. एकदम तळ्यावरच जाऊ दे."

खिडकीवाल्याने तो शब्द टाइप केला. तोंडपाठ शब्द, पण दोनदा चुकला.

गेम सुरू झाला. 'आलीस का?' असं कुणी न म्हणताच पडदा उजळला. बाईंनी पर्समधून चष्मा काढला, पदराला पुसला आणि आपला आपणच लावला.