डावीकडे राहिलेले आकडे

आईची मासळी बाजारातली जागा माझ्यामुळे गेली. लोकांना मी सांगते की तिचे गुडघे गेले म्हणून तिने जागा सोडली, आणि आईही मान हलवते. गुडघे गेले होते हे खरंच आहे. पण त्या गुडघ्यांवरही ती त्याच जागेवर आणखी चार वर्षं बसली असती. तिला उठवलं मी, आणि तेही कॉलेजच्या एका प्रोजेक्टच्या जोरावर.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला स्प्रेडशीटचा पेपर होता. मॅडम हुशार होत्या. पुस्तकातल्या खोट्या दुकानाचे खोटे आकडे भरून काही येत नाही, असं त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं. स्वतःच्या घरचा तीन महिन्यांचा खर्च भरा, त्याची बेरीज करा, प्रकार पाडा, आलेख काढा आणि शेवटी त्यातून काय कळलं ते लिहा. वर्गातल्या अर्ध्या मुलींनी घरबसल्या आकडे रचले. मी तसलं काही करणारी नव्हते. मला सगळं खरं आणि सगळं नीट हवं असतं, हा माझा जुना माज आहे.

आमचं घर दिवाळे गावात, खाडीपासून दोन गल्ल्या आत. बाबा रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होते, पगार एकोणीस हजार. आई बाजारात बसायची. बोय, निवट्या, कोलंबी, खाडीत त्या दिवशी जे मिळेल ते. सकाळपासून दुपारपर्यंत ओल्या लादीवर, बर्फाच्या पाण्यात पाय. डॉक्टरांनी उकिडवं बसायचं बंद करायला सांगितलं होतं. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी उकिडवी बसायची.

खर्चाचे आकडे दोन ठिकाणांहून आले. रोजचा खर्च आई तोंडी सांगायची, मी टाईप करायचे: भाजी साठ, तेल एकशे चाळीस, रिक्षा तीस. मोठा खर्च बाबांच्या वहीत होता. वीजबिल, गॅस, औषधं, माझी फी, आणि काकाच्या ऑपरेशनसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता. बाबांचं अक्षर सुरेख. प्रत्येक रकमेपुढे ते न चुकता तिरपी रेघ आणि आडवी रेघ ओढायचे, म्हणजे पुढे कुणी आणखी एक शून्य चिकटवू नये. लहानपणी त्यांनी मलाही तेच शिकवलं होतं. रक्कम उघडी ठेवायची नाही. वहीत होतं तसंच मी शीटमध्ये उतरवलं. ६२००/-. ८५०/-. बाबांचा आकडा बाबांसारखाच दिसला पाहिजे, असं मला वाटलं.

दोनशे बारा ओळी झाल्या. रकमेच्या उभ्या रांगेत काही आकडे डावीकडे चिकटले होते, बाकीचे उजवीकडे. ते मला दिसलं होतं. नजरेतून सुटलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण मला ते दिसलं आणि गबाळं वाटलं, म्हणून अख्खी रांग निवडून मी सगळे आकडे मधोमध आणले. मग कसं छान दिसलं. नीटनेटकेपणाला पाच मार्क होते.

खाली बेरजेचं सूत्र घातलं. सदतीस हजार चारशे ऐंशी. तीन महिन्यांचा बाबांचा पगार सत्तावन्न हजार. म्हणजे महिन्याला साडेसहा हजार उरत होते, आणि तेही आईचा एक रुपया न धरता. आईची कमाई मी धरलीच नव्हती, कारण ती कुठे लिहिलेलीच नसायची. कमरेच्या बटव्यातून निघायची आणि घरात जिरायची.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप दोघांच्या पुढे ठेवला.

"आई, बाबांच्या पगारात घर चालतं. वर उरतात. तू बसायचं बंद कर आता."

आईने पदराला हात पुसले आणि स्क्रीनच्या जवळ आली. "हप्ता धरलास?"

"धरलाय. ही बघ ओळ."

"न बाबाच्या गोल्या?"

"त्या पण आहेत. या बघ."

ओळी होत्याच. मी बोट ठेवून एकेक दाखवली. बाबा चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. "एवढे उरतात तर जातात कुठं?" एवढंच म्हणाले.

"तेच तर कळत नाही आपल्याला. म्हणून तर हे करायचं असतं," मी म्हणाले. तो माझा आवाज अजून कानात आहे आणि मला त्याची शिसारी येते. बाबा दर महिन्याला वहीच्या मागच्या पानावर पेनने बेरीज करायचे. त्या दिवशी त्यांनी वही उघडली असती तर दहा मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं. त्यांनी उघडली नाही. मुलगी शिकली, आता तिच्या बेरजेवर आपण काय बेरीज करायची, असं त्यांना वाटलं. हे त्यांनी नंतर कधी बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत आहे.

आई म्हणाली, "मशीन चुकत नाय ना?"

"नाही चुकत," मी म्हणाले.

आमच्या बाजारात जागेचा कागद नसतो. जी बसते तिची जागा. आजारपणाला, लग्नाकार्याला चार दिवस रिकामी राहिली तर शेजारीण राखते. पण एकदा स्वतःच्या तोंडाने कुणाला "तू बस" म्हटलं, की जागा तिची झाली. मग ती मागायची नसते. आईची जागा पत्र्याखाली होती, रस्त्यावरून आत शिरल्यावर तिसरी. तिच्या सासूची होती, म्हणजे माझ्या आजीची. आठवडाभर ती विचार करत राहिली, आणि मी रोज सकाळी तिच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघून तिला टोचत राहिले. शेवटी तिने लांबच्या नात्यातल्या एका विधवा बाईला, जी लहान पोरीला घेऊन उन्हात शेवटाला बसायची, "तू बस" म्हटलं. त्या संध्याकाळी आई खुर्चीत बसून चहा प्याली. मला इतकं बरं वाटलं होतं की मी प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर लिहूनही टाकलं: या अभ्यासामुळे आमच्या कुटुंबाला एक महत्त्वाचा निर्णय घेता आला.

तीन आठवड्यांनी लॅबमध्ये प्रकारवार बेरीज शिकवली. एका बाजूला प्रकारांची नावं लिहायची आणि शीटला सांगायचं, या नावाच्या ओळी शोध आणि त्यांच्याच रकमा मिळव. भाजी आली. किराणा आला. रिक्षा आली. औषधं: शून्य. मला वाटलं नाव लिहिण्यात चूक झाली. वीज: शून्य. फी: शून्य. हप्ता: शून्य.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि आधी माझी मधोमध मांडणी काढून टाकली. आकडे हलले. बहुतेक उजवीकडे गेले, आणि बाबांचे सगळे डावीकडे जाऊन उभे राहिले.

"डावीकडचे आकडे नाहीत, शब्द आहेत," मॅडम म्हणाल्या. "तू पुढे रेघा मारल्यास ना, म्हणून शीट त्यांना अक्षरं समजते. आणि बेरीज करताना अक्षरं सोडून देते. सांगत नाही, नुसतं सोडून देते."

मग त्यांनी ताडून कसं बघायचं ते दाखवलं. भरलेले रकाने किती ते मोजायचं एक सूत्र असतं, त्यातले आकडे किती ते मोजायचं दुसरं. भरलेले दोनशे बारा. आकडे एकशे एक्याऐंशी. एकतीस ओळी कुणी मोजल्याच नव्हत्या. त्यांनी त्या रेघा शोधून त्यांच्या जागी काहीच न ठेवण्याची आज्ञा दिली, आणि एकतीस रकमा एका दमात उजवीकडे सरकल्या. खालची बेरीज माझ्या डोळ्यांदेखत बदलली. ब्याऐंशी हजार एकशे तीस.

महिन्याला साडेसहा हजार उरत नव्हते. आठ हजारांच्या वर कमी पडत होते. ती आठ हजारांची जागा इतकी वर्षं कुणी भरली हे सांगायला सूत्र लागत नव्हतं.

"छान सापडलं," मॅडम म्हणाल्या. "खऱ्या डेटाचा हाच फायदा. कुणाचं काही नुकसान न होता शिकता येतं." मी हो म्हणाले. घरी जाताना बस स्टॉपवर मी तीन बसगाड्या सोडल्या. मला घरी जायचंच नव्हतं.

आईला सांगितलं तेव्हा ती कोथिंबीर निवडत होती. तिला आधीच कळलं होतं. बटवा रिकामा होता, आणि गॅसवाल्याला दोनदा परत पाठवलं होतं. मी म्हणाले, आपण त्या मावशींना जाऊन सांगू, चूक झाली म्हणून. आईने मान वर केली.

"तिची पोर पहिल्यांदा सावलीत बसते तिच्यासंगं. मी काय तोंडानं उठवू?"

बाबा ऐकत होते. ते उठले, कपाटातून वही काढली आणि तिच्यावरून हात फिरवून परत ठेवली. त्यांनी त्यानंतर रकमेपुढे रेघा ओढणं सोडलं. माझ्या चुकीची लाज त्यांनी स्वतःवर घेतली, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

आई आता शेवटाला बसते, त्या बाईच्या जुन्या जागेवर. तिथे पत्रा नाही, आणि सगळ्या बाजाराचं पाणी तिथूनच गटारात जातं. गिऱ्हाईक तिथपर्यंत पोचतं तेव्हा त्याची पिशवी भरलेली असते. पूर्वीच्या निम्मे पैसे सुटतात. मी शिकवण्या घेते, तरी मेळ बसत नाही. प्रोजेक्टला मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. शेवटच्या पानावरचं ते वाक्य मी खोडायचं विसरले होते. मॅडमनी त्याच्याखाली लाल पेनाने उत्तम असं लिहिलं होतं.

रोज दुपारी आई घरी येते, भिंतीला टेकून पाय लांब करते आणि बटवा उलटा करते. तिची कमाई आता मी शीटमध्ये लिहिते, वेगळ्या रांगेत. काल तीनशे दहा होते. मी टाईप करते तेव्हा ती वाकून बघते. स्प्रेडशीटमधलं तिला एवढंच समजलंय, आणि ते ती रोज विचारते.

"उजवीकरं गेला काय?"

"गेला," मी म्हणते.

मग ती भिंतीचा आधार घेऊन उठते. उठायला तिला हल्ली फार वेळ लागतो.