मळक्या कपड्यांचं वजन

दवाखान्यातल्या खाटेवर आपलं माणूस झोपवताना त्याच्याखालची चादर काल कुणी धुतली, हे तुम्ही कधी विचारलंत का? नाही ना! डॉक्टरची डिग्री भिंतीवर वाचता, बिलाचा कागद दोनदा उलटापालटा करता, चादरीकडे मात्र डोळा जात नाही. चादर पांढरी असली की झालं. ती पांढरी कशी होते आणि कुणाच्या हातानं होते, त्याची ही गोष्ट.

हडपसरात एका ट्रस्टचं एकशेवीस खाटांचं रुग्णालय आहे. त्याच्या मागच्या अंगाला, शवागाराच्या भिंतीला टेकून, धुलाई विभाग. पत्र्याचं छप्पर, दोन मोठी यंत्रं, एक ड्रायर आणि सहा बाया. त्यांचा प्रमुख बद्रीनाथ इंगोले. वाशीमकडचा माणूस. एकोणीस वर्षांपूर्वी पुण्यात आला तो कंपनीत लागायला, आणि लागला धुण्याला. गावी सांगायची लाज वाटे म्हणून पहिली दोन वर्षं ‘हॉस्पिटलात आहे’ एवढंच सांगायचा. नंतर लाज गेली आणि मिजास आली. यंत्रातून निघालेली चादर उजेडात धरायचा, फिकासा डाग जरी दिसला तरी परत आत. ‘माझ्या चादरीवर पेशंट मेला तर चालेल, चादरीमुळं मरायला नको,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. ऐकणाऱ्याला तोडून बोलल्यासारखं वाटे. तसंच होतं ते.

पण यंदाच्या फेब्रुवारीत बद्रीनाथची मिजास पार उतरली होती. झोप उडाली होती म्हणा ना.

कारण हिशेब विभागाच्या शर्मिला मॅडमचं पत्र. नवीन वर्षाचं अंदाजपत्रक आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या महिनाभर आधी धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं, म्हणून प्रत्येक विभागानं आपली मागणी वीस तारखेपर्यंत द्यायची. हे दरवर्षीचंच. यंदा पत्राखाली दोन ओळी जास्त होत्या: ‘ट्रस्टचं उत्पन्न गेल्या वर्षीइतकंच राहील असं दिसतं. सर्व विभागांनी चालू वर्षाच्या आकड्यातच बसवावं.’

उत्पन्न वाढणार कसं? खाटा भरलेल्याच, आणखी माणसं निजवणार कुठं? सरकारी योजनेतून येणाऱ्या पेशंटचा दर तोच. गरिबांच्या खाटा गरिबांसाठी ठेवायच्याच. आवक जागेवर थांबली, आणि खर्च मात्र चालता झाला. बद्रीनाथचा चालू वर्षाचा खर्च सदतीस लाख. पुढच्या वर्षी बाईमाणसाचं किमान वेतन वाढणार, टँकरवाला दर वाढवून बसलेला, गॅस वाढला, साबणाच्या कॅनचा भाव तर विचारूच नका. कितीही दाबून दाबून लिहिलं तरी बेरीज एक्केचाळीस लाखांच्या खाली येईना. तीनदा केली. चौथ्यांदा मोबाइलवर केली, मोबाइल तरी खोटं बोलेल म्हणून. तोही एक्केचाळीसच म्हणाला.

आकडा घेऊन तो शर्मिला मॅडमकडे गेला. मॅडम वाईट बाई नव्हती. चष्म्याच्या वरून बघायची एवढंच.

“इंगोले, चार लाख जास्त आहेत.”

“महागाई हाय मॅडम. मी काय चादरी खातो का?”

“खात नाही हे माहितीये. म्हणूनच हे बघा.” तिनं एक कागद पुढे सरकवला. बाहेरच्या एका धुलाई कंपनीचं दरपत्रक होतं. गाडी पाठवून कपडे नेणार, धुऊन आणणार, सत्तावीस रुपये किलो, कर धरून. “तुमच्या रजिस्टरमध्ये वर्षाला एक लाख अठ्ठावीस हजार किलो आहे. म्हणजे पुढच्या वर्षी तुमचं बत्तीस रुपये किलोला पडणार. त्यांचं सत्तावीसला. साडेचौतीस लाखात काम. सहा लाख वाचतात, इंगोले. मी ते कुणाला सांगायचं नाही म्हणता?”

“मग आमच्या बाया?”

“मी बायांबद्दल बोलतच नाहीये, आकड्याबद्दल बोलतेय. तुमची मागणी पत्रकात ठेवते, शेजारी त्यांचा दर ठेवते. विश्वस्तांनी ठरवावं.”

बद्रीनाथ बाहेर आला. सहा बाया. त्यांतल्या चार जणींची घरं एकट्या त्यांच्याच पगारावर. आणि विभागच नाही म्हटल्यावर प्रमुख तरी कसला? बावन्नाव्या वर्षी त्याला कोण उभं करणार? दोन दिवस त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. फक्त उगाच डाफरायला लागला. डबा तसाच परत न्यायला लागला.

तिसऱ्या दिवशी तुळजाबाईनं त्याला धरलं. सगळ्यांत जुनी बाई ती. बद्रीनाथला भाऊ म्हणायची आणि भावासारखंच सुनावायची.

“भाऊ, आमच्यावर ओरडताय ते ओरडा. पर तुमच्या त्या गाडीवाल्यांना सांगा, आमचा काटा खराब करू नका म्हनावं.”

“कोण गाडीवाले?”

“अवो परवा नमुना न्यायला आले नव्हते का? तुम्हीच तर मॅडमची चिठ्ठी बघून दिलीत गाठोडी. आपरेशन थेटरातली रगतानं ओली गाठोडी तशीच काट्यावर टाकली त्यांनी. वजन लिहून घेतलं अन् गेले. काटा मला पुसावा लागला, एवढा वास!”

बद्रीनाथ पाय मुडपून बसला होता, तो उठून उभा राहिला.

“धुवायच्या आधी वजन केलं त्यांनी?”

“मग काय धुऊन करतील? गाडीत टाकायच्या आधी केलं.”

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. बद्रीनाथच्या विभागात वजन धुतल्यावर, वाळल्यावर, घडी घातल्यावर व्हायचं. हा नियम त्यानंच चौदा वर्षांपूर्वी घातला होता. त्याआधी मळकी गाठोडी काट्यावर चढवता-उतरवताना एका बाईच्या हातात सुई घुसली होती. तेव्हापासून त्यानं ठरवलं, मळक्याला दोनदा हात लावायचा नाही, सरळ यंत्रात. वजन काय, स्वच्छ कपड्याचं करा. नियम बायांच्या जिवासाठी होता, आणि त्याच नियमानं आता बायांच्या पोटावर पाय यायची वेळ आली होती! कारण कंपनी पैसे घेणार मळक्या, ओल्या वजनाचे. बद्रीनाथचं रजिस्टर होतं कोरड्याचं. शर्मिला मॅडमनं दोन वेगळी वजनं एकाच ओळीत मांडली होती, आणि चूक तिची नव्हती. रजिस्टरवर कुठंच लिहिलेलं नव्हतं की हे धुतल्यानंतरचं वजन आहे. बद्रीनाथला ते लिहावंसंच वाटलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच आहे की, असं तो धरून चालला होता. आपल्याला जे माहीत ते जगाला माहीत, ही आपल्या माणसांची जुनी खोड.

त्यानं दोन जाड हातमोजे घातले आणि गाठोडी स्वतः काट्यावर चढवली. बायांना लांब उभं केलं. तुळजाबाईनं वहीत आकडे लिहिले. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, आधी मळकं आणि मग तेच कपडे कोरडे. शंभर किलो कोरड्याला एकशे अठरा किलो मळकं येत होतं. थेटरातल्या कपड्यांचं त्याहून जास्त, वॉर्डातल्यांचं कमी, सरासरी अठरा.

एकोणीस तारखेला तो पुन्हा शर्मिला मॅडमसमोर उभा राहिला. मॅडमनं वही तीनदा वाचली.

“तीन दिवसांचाच नमुना आहे, इंगोले.”

“तुम्ही वीस तारीख दिलीत मॅडम. वर्षभर वजन करून आलो असतो, तर तुम्ही वर्षभर थांबला असता का?”

तिनं कॅल्क्युलेटर ओढला. कंपनीचं बिल साडेचौतीस नाही, जवळपास एक्केचाळीस लाखांवर येत होतं. बद्रीनाथचा विभागही एक्केचाळीसच. किलोमागं पंधरा पैशांचा फरक.

“म्हणजे बरोबरी,” ती म्हणाली. मग चष्मा काढला. “पण बरोबरी म्हणजे तुम्ही जिंकलात असं नाही. मर्यादा सदतीसची आहे. त्यात ते बसत नाहीत, आणि तुम्हीही बसत नाही.”

दुसऱ्या दिवशी मुख्य विश्वस्तांसमोर बैठक. आप्पासाहेब, हडपसरच्या जुन्या जमीनदार घराण्यातले. गावाचं शहर झालं, शेताच्या इमारती झाल्या, बोलणं तेच राहिलं.

“काय रं बद्री, चार लाख कुठून आनू मी? जिमीन इकू का आता?”

“साहेब, माझ्याकडं कमी करायला काही नाही. बाया कमी केल्या तर चादरी डागाच्या येतील.”

“कायतरी असंल. परत्येकाकडं असतं.”

बद्रीनाथनं कागदावर बघितलं. एकच ओळ होती. यंत्रांच्या देखभालीचा करार, वर्षाला दोन लाख. ती काढली तर यंत्र बिघडल्यावर माणूस बोलवायला पैसे नाहीत. ती ठेवली तर दोन बाया जातात. त्यानं बराच वेळ पेन कागदावर धरला. शाईचा ठिपका पडला. मग ओळ खोडली.

“एकोणचाळीस, साहेब. याच्या खाली गेलो तर माझी सही नको.”

इतर विश्वस्तांनी चहाकडे बघितलं. आप्पासाहेबांनी शर्मिला मॅडमकडे बघितलं.

“मॅडम, वर्धापनदिनाला काय ठेवलंय?”

“साडेतीन लाख. मांडव, जेवण, सत्कार.”

“मांडव काढा. दीड लाखात जेवन व्हतंय. राहिलेलं दोन ह्याला द्या.” मग बद्रीनाथकडे वळून, “पर यंत्र बंद पडलं, तर माझ्याकडं यायचं न्हाय. मी सांगून ठेवतोय.”

बद्रीनाथ हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

सहाही बाया राहिल्या. तुळजाबाईनं हे ऐकून काहीच आनंद दाखवला नाही. “आनि मशीन?” एवढंच विचारलं. एक एप्रिलपासून देखभालीचा करार नाही. यंत्र थोडं जास्त घरघरलं की बद्रीनाथ हातातलं टाकून तिथं जाऊन उभा राहतो, कान लावतो. एखाद दिवस यंत्र थांबेल. त्या दिवशी बाया हातानं धुतील की चादरी मळक्याच वॉर्डात जातील, हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही. रजिस्टरवर मात्र आता मोठ्या अक्षरात लिहिलंय: ‘वजन धुतल्यानंतरचं.’

तुमच्यापैकी कुणी एखाद्या ट्रस्टच्या, शाळेच्या, सोसायटीच्या समितीवर असेलच. मार्चआधी एखादा विभाग ‘बाहेरून स्वस्त पडतं’ म्हणून बंद करायचा कागद तुमच्या पुढ्यात येईल. सही करायच्या आधी खुर्चीतून उठा, त्या विभागात जा, आणि तिथल्या सगळ्यांत जुन्या बाईला विचारा, की इथं मोजतात कसं.