परतीचं कलम

माझे धाकटे दीर रविवारी आमच्याकडे जेवायला आले की हात धुवायच्या आधी भांड्यांची झाकणं उघडून बघायचे. त्या रविवारी मात्र ते थेट टेबलापाशी गेले, एक फाइल ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या स्पॅनिशचा आज पहिल्यांदा घरात कुणाला तरी उपयोग होणार बघा."

त्यांचं बोलणं असंच. पुण्यात मी आधी जर्मन शिकले, मग हौसेनं स्पॅनिश, आणि लग्न होऊन श्टुटगार्टला आल्यावर एका भाषांतर कचेरीत नोकरीला लागले. दुसऱ्यांनी केलेली करारांची भाषांतरं मुळाशी ताडून बघायची, हे माझं काम. "वहिनींना लोकांच्या चुका काढायचा पगार मिळतो," असं दीर सगळ्यांना सांगत. स्वभावाला धरूनच होती म्हणा ती नोकरी.

दीर मेकॅनिकल इंजिनिअर. श्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझेनच्या पुढे गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी होती, तिथे ते बरीच वर्षं होते. आता कंपनीनं स्पेनमध्ये, सारागोसाला, नवा कारखाना काढला होता आणि तो मार्गी लागेपर्यंत दोन-तीन वर्षं दिरांनी तिकडे जायचं ठरलं होतं. बायको आणि मुलगीही बरोबर. त्यासाठी इथला जर्मन करार परस्परसंमतीनं संपवायचा आणि तिथल्या स्पॅनिश कंपनीशी नवा करायचा. काम संपलं की किंवा तिकडे काही बिनसलं की इथल्या कंपनीनं परत घ्यायचं. ही परतीची हमी नव्या करारातल्या एकाच कलमात होती.

ते कलम म्हणजे त्यांच्यासाठी सगळं होतं. इथून मुक्काम हलवला आणि सहा महिन्यांत परत आलं नाही, तर जर्मनीतला राहण्याचा परवाना आपोआप संपतो. पुन्हा यायचं तर हातात इथली नोकरी हवी. जाऊबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "ताई, परतीचं लिहिलंय ना नीट? तेवढंच बघा, बाकीचं जाऊ दे."

मी ते कलम वाचलं. मग परत वाचलं. मग पेन्सिल आणायला उठले.

कराराच्या सुरुवातीला दोन्ही पक्षांची ओळख करून दिली होती. सारागोसाची कंपनी म्हणजे यापुढे 'Empresa', कंपनी, आणि माझे दीर म्हणजे 'Trabajador', कामगार. दोन्ही शब्द मोठ्या अक्षरानं सुरू होणारे. करारात मोठ्या अक्षराचा अर्थ एवढाच, की वर जिची ओळख करून दिली तीच ही कंपनी, दुसरी कुठली नाही. पण पुढच्या पानांवर ही कंपनी कधी मोठ्या अक्षरानं यायची, कधी छोट्या, आणि एका ठिकाणी तर सबंध शब्द मोठ्या अक्षरांत, पाटीवर लिहिल्यासारखा. परतीच्या कलमात तर कहर होता. त्याचं सरळ मराठी करायचं तर असं: 'ग्राहकाने करार रद्द केल्यास कंपनी सेवा पुरवणाऱ्यास पुन्हा कामावर घेईल.'

"हा ग्राहक कोण?" दिरांनी विचारलं.

"तुमची नवी कंपनी, सारागोसाची."

"आणि सेवा पुरवणारा?"

"तुम्ही."

"आणि कंपनी?"

"तेच तर कळत नाहीये, भाऊजी."

मला काय झालं असेल ते दिसत होतं. हे वाक्य कुठल्यातरी बाहेरच्या सल्लागाराशी केलेल्या जुन्या कंत्राटातून उचललेलं होतं. आमच्या कचेरीत असले प्रकार रोज बघायला मिळत. एकदा भाषांतर झालेली वाक्यं संगणकात साठवलेली असतात, पुढच्या मजकुरात तसंच काही दिसलं की ती आपोआप येऊन बसतात, आणि पैसे व वेळ वाचला म्हणून सगळे खूश असतात. नोकरीच्या करारात 'ग्राहक' नसतो. शिवाय 'रद्द केल्यास' म्हणून जो शब्द घातला होता, 'rescisión', तो स्पॅनिश कायद्यात वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. मालकानं नोकरीवरून काढलं तर एक शब्द, माणूस स्वतः सोडून गेला तर दुसरा. परतीचा हक्क कधी मिळणार हे त्या दोन शब्दांवर ठरायचं, आणि नेमके तेच दोन्ही तिथे नव्हते.

सगळ्यात वाईट म्हणजे ती 'कंपनी'. इथे ती छोट्या अक्षरात होती. करारभर शिस्त पाळलेली असती तर म्हणता आलं असतं, की बघा, छोट्या अक्षरातली कंपनी म्हणजे वेगळी, म्हणजे जर्मनीतली. पण शिस्त कुठेच नव्हती. सारागोसाची कंपनीही निम्म्या ठिकाणी छोट्याच अक्षरात होती. आणि जर्मन कंपनीची तर या करारावर सहीच नव्हती.

दीर हसले. "वहिनी, आपल्या मराठीत मोठं अक्षर नि छोटं अक्षर असतं का? कंपनी म्हणजे कंपनी. मला पाठवतायत कोण? तेच."

मला राग आला. त्यांचा नाही, त्या कागदाचा. अहोंना म्हटलं, तुम्ही तरी सांगा भावाला. अहो म्हणाले, ती म्हणतेय तर विचारून टाक, विचारायला काय जातं.

म्हणून पुढच्या आठवड्यात मी रजा टाकून दिरांबरोबर त्यांच्या पेर्सोनालआब्टाइलुंगमध्ये, म्हणजे कंपनीच्या नोकरभरतीच्या खात्यात गेले. तिथल्या बाई चांगल्या होत्या, हे मी मुद्दाम सांगते. दुष्ट असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी कॉफी दिली, माझ्या पेन्सिलीच्या खुणा एकेक करून बघितल्या आणि खरंच विचारात पडल्या.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "शब्दांचं समजलं मला. पण मोठ्या अक्षराचं नाही समजलं. आमच्याकडे तर प्रत्येक नाम मोठ्या अक्षरानंच लिहितात."

एका बाजूला मोठी अक्षरं मुळातच नसलेला माणूस, दुसऱ्या बाजूला सगळीच नामं मोठ्या अक्षरानं लिहिणारी बाई, आणि मध्ये मी, एका स्पॅनिश अक्षरासाठी जिवाचा आटापिटा करणारी. मला स्वतःचंच हसू यायला लागलं होतं, पण आलं नाही.

मी म्हटलं, "शब्द तरी बदला. आणि परत घेणारी कंपनी जर्मनीतली, असं नाव घालून लिहा. त्यावर तुमच्या इथल्या कंपनीची सहीही घाला."

बाईंनी मान हलवली. तो करार म्हणजे मंजूर नमुना होता. स्पेनला जाणाऱ्या सगळ्यांसाठी तोच. त्यात स्वल्पविराम जरी हलवायचा तर इथल्या कायदा विभागाची परवानगी, मग सारागोसाची, मग परत इथली. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती नक्की होईल, माझ्या सगळ्या खुणा त्या पुढे पाठवतील. पण दिरांना तर महिनाअखेर निघायचं होतं. घर सोडल्याची नोटीस दिलेली, मुलीचं तिकडच्या शाळेत नाव घातलेलं.

"काय म्हणायचंय ते सगळ्यांना स्पष्टच आहे ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही परत येणार, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," दीर म्हणाले, आणि त्यांनी सही केली. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून होते. त्यांचा हात धरायला मी त्यांची आई नव्हते, आणि आई असते तरी त्यांनी सही केलीच असती.

जाताना त्यांनी थोडं सामान आमच्या तळघरात ठेवलं. हिवाळ्याच्या गाद्या, पुस्तकांची खोकी आणि माझ्या पुतणीची लाल सायकल. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. सायकलला कुलूप घालून तिनं किल्ली माझ्या हातात दिली आणि जर्मनमध्ये बजावलं, "काकू, कुणालाही द्यायची नाही. आम्ही परत येणार आहोत."

ते गेल्याला वर्ष होत आलं, तोच दोन हजार आठच्या शरदात मंदी आली. गाड्या खपेनात, मग गाड्यांचे भाग कोण घेणार. सारागोसाच्या कारखान्यातली माणसं कमी करायला सुरुवात झाली, आणि वर्ष संपायच्या आत दिरांच्याही हातात पत्र पडलं. त्या पत्रात मात्र एकही शब्द चुकीचा नव्हता. दिरांनी मला ते फोनवर वाचून दाखवलं, अडखळत. काढून टाकण्यासाठी जो शब्द हवा, नेमका तोच, आणि कंपनी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्या अक्षरात.

त्यांनी इथल्या कंपनीला परतीच्या कलमाबद्दल लिहिलं. उत्तर सभ्य होतं. कलमात ग्राहकानं करार रद्द केल्याचा उल्लेख आहे, तसं काही घडलेलं नाही. आणि पुन्हा घेण्याची जबाबदारी करारातल्या कंपनीची, म्हणजे सारागोसाची. ज्यांनी कालच काढलं त्यांच्याकडेच जाऊन परत घ्या म्हणायचं, असा त्याचा अर्थ झाला.

मी त्या बाईंना फोन केला. त्यांना मी आठवत होते, पेन्सिलसुद्धा आठवत होती. "मला माहीत आहे काय म्हणायचं होतं," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज बारीक झाला. "पण आता नवीन माणूस घ्यायलाच बंदी आहे. मी काही लिहून देऊ शकत नाही."

अहो दिरांच्या वतीनं एका वकिलाला भेटले, मी बरोबर गेले. वकिलानं करार माझ्याकडून समजून घेतला. स्पेनमध्ये सारागोसाच्या कंपनीवर दावा लावता येईल, म्हणाला, संदिग्ध मजकुराचा फायदा तो लिहिणाऱ्याला मिळू नये असा नियम तिथेही आहे. पण तिथे जिंकलं तरी जर्मनीत परतायचं कसं? इथल्या कंपनीची सही कुठे आहे? तळहात वर करून त्यानं फाइल मिटली. मी इतकी वर्षं कागदातल्या चुका शोधत आले होते, आणि हा कागद चुकीचा आहे हे आता सगळ्यांना मान्य होतं. त्याचा काडीचा उपयोग नव्हता. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

इथला परवाना तोवर संपला होता. दीर बायको-मुलीला घेऊन पुण्याला गेले. मला ते एकदाही टोचून बोलले नाहीत. उलट म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगितलं होतंत." त्याऐवजी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वसंतात एकदा पुतणी फोनवर आली. पुण्यातली शाळा कशी आहे विचारलं तर म्हणाली, बरी आहे. जर्मनमध्येच. मग आवाज खाली आणून विचारलं, "काकू, माझी सायकल आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "कुलूप पण आहे."

"कुणाला दिली नाहीस ना?"

"नाही गं."

मग फोन दिरांनी घेतला. इकडचं तिकडचं बोलले, उन्हाळा फार आहे म्हणाले. मुलगी खोलीतून गेली असावी, कारण मग ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, ती सायकल आता कुणाला तरी देऊन टाका. आणि तिला सांगू नका."