खाली उतरलेलं माप

वच्छलाबाईंच्या टायपिंगमध्ये चूक सापडत नाही, अशी धुळ्यात त्यांची ख्याती होती. बावीस वर्षं टाइपरायटर बडवला, आणि बाईंना त्याचा थोडा तोराही होता. तो कुणाला खुपत नसे, कारण तो खरा होता.

नव्व्याण्णव साली, बाई नोकरीला होत्या त्या संस्थेनं कृत्रिम पायांचं शिबिर घेतलं. शिबिरात कागदावर लिहून घेतलेली माहिती कॉम्प्युटरवरच्या पीडीएफ अर्जात भरायची होती. माणसागणिक एक फाइल, अशा एकशे शहाऐंशी. कोऱ्या अर्जात दर वेळी गाव, तालुका, पत्ता लिहायचा कंटाळा आला, तेव्हा बाईंनी युक्ती काढली. आधीच्याचा भरलेला अर्ज उघडायचा, त्यातलं नाव, वय, माप बदलायचं आणि नव्या नावानं सेव्ह करायचं. कामाचा वेग दुप्पट झाला.

कॉम्प्युटरच्या कामासाठी जळगावहून आलेल्या गिरधरनं प्रत्येक अर्जातली उत्तरं वेगळी काढली आणि एका छोट्या प्रोग्रॅमनं ती एक्सेलच्या तक्त्यात ओतली. अर्जातल्या एकेका रकान्याचा एकेक कॉलम, एका अर्जाची एक ओळ. ओळी मोजल्या, एकशे शहाऐंशी भरल्या.

"सगळं जुळलं बाई. एकदा नजर टाका, उद्या यादी कारागिरांकडे जाईल," तो म्हणाला.

चांगल्या पायाच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या मापाचा कॉलम बाई वाचत होत्या. साठीचे झुलाल आबा, सेहेचाळीस सेंटीमीटर. खाली त्याच गावचा भटू, सेहेचाळीस. त्याखाली नऊ वर्षांची मथुरा. सेहेचाळीस.

बाईंनी तिथंच वाचन थांबवलं. त्यांनी मूळ कागद काढले. भटू आणि मथुराच्या कागदावर मापाची जागा कोरी होती. कोरी जागा दिसली की त्या पुढं सरकत, आणि आबांचं माप खालच्या दोघांच्या अर्जात तसंच राहून गेलं होतं. टाइपरायटरवर कागद तरी दर वेळी कोरा चढायचा. एकेका अर्जात हे कुणालाच दिसलं नसतं. ओळी एकाखाली एक आल्या म्हणून दिसलं. अख्खा गठ्ठा ताडून पाहिला, तेव्हा असे अकराजण निघाले.

"चूक माझी आहे. यादी तीन दिवस थांबवा," त्यांनी सेक्रेटरी बन्सीलाल भाऊंना सांगितलं. भाऊंनी लगेच कारागिरांना फोन करून तसं कळवलं. ते रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

टेप घेऊन त्या एस.टी.नं गावोगाव फिरल्या. मथुराची आई भागाबाई म्हणाली, "मनी पोरना पाय त्या दिन कोनी मोजाच नही. टेपवाला निंघी गया व्हता. आम्ही दिवसभर बसेल व्हतूत."

बाईंनी खाली बसून मोजलं. पस्तीस भरलं.

अकराही अर्ज त्यांनी कोऱ्या फाइलीतून नव्यानं भरले. गिरधरनं तक्ता पुन्हा काढला. या वेळी बाईंनी प्रत्येक ओळीवर मूळ कागद धरून पाहिला.

मथुरा दिवाळीनंतर दोन्ही पायांवर शाळेत गेली. त्यानंतर मात्र, बाईंच्या टायपिंगमध्ये चूक सापडत नाही, असं ऑफिसात कोणी म्हटलं, की वच्छलाबाई उठून बाहेर जात.