जावेच्या चहाचा हेवा

माझी धाकटी जाऊ माझ्यापेक्षा सुंदर होती, याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. ती बारीक झाली तेव्हा मात्र मला तिचा हेवा वाटला.

आमचं घर पवनानगरच्या पुढं, धरणाच्या काठाला. नवरा आणि दीर मिळून आमच्याच रानात तंबू लावतात; शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं राहायला येतात. मी लोणावळ्यात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. सकाळी जीपनं कामशेत, तिथून लोणावळा. दुकानाच्या भिंतीवर माझ्या नावाचं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं आहे. घरात एवढी शिकलेली मी एकटीच, आणि या गोष्टीचा मला किती अभिमान होता, हे तो दुखावला गेल्यावर समजलं.

जाऊ तळेगावची. आधी ती तंबूंच्या जाहिरातीसाठी रील करायची. पाठीमागं पाणी, पलीकडं तिकोना किल्ला, पुढं ही. मग एक दिवस तिनं आपलेच दोन फोटो शेजारी शेजारी टाकले. डावीकडं फुगलेली, थकलेली ती. उजवीकडं निळ्या ड्रेसमधली सडपातळ ती. खाली लिहिलं होतं, 'एकवीस दिवस. फक्त हा चहा आणि या गोळ्या.' कंपनीनं तिला एक कोड दिला होता. तो कोड टाकून कुणी चहा मागवला की हिला कमिशन.

आठवडाभरात अख्ख्या पंचक्रोशीनं ते पाहिलं. सासूबाई अंगणात बायकांना सांगायच्या, "आमची धाकटी लय बारीक झाली, बगितलं का? चहा पिऊन!" नवऱ्यानं तो फोटो आलेल्या पाहुण्यांना दाखवला. दाखवला ते ठीक, पण दाखवताना एकदा माझ्याकडं बघितलं. त्यानं सहज बघितलं असेलही. मला ते बघणं महिनाभर पुरलं.

आणि दुकानात काउंटरवर यायच्या त्या बायका! ज्यांना मी दहा वर्षं डोसच्या वेळा समजावून सांगितल्या, त्या विचारायच्या, "तुमच्या जावेचा तो चहा हितं मिळंल का?" मी म्हणायचे, "तिलाच विचारा." हसून म्हणायचे. त्यांना थांबवून 'हे घेऊ नका' असं एकीलाही सांगितलं नाही. आता लिहिताना लाज वाटते. मला वाटलं, सांगितलं तर म्हणतील, मोठी जळते.

जळतच होते. म्हणून तर मी तो चहा आणि त्या गोळ्या मागवल्या. कोड न टाकता, दुकानाच्या पत्त्यावर, म्हणजे घरी कळायला नको.

डब्यावर 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलं होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक होते, त्यात सोनामुखीची पानं. म्हणजे जुलाबाचं औषध. हे मी रोज बद्धकोष्ठाच्या पेशंटला देते, दोन-तीन दिवसांपुरतं, आणि बजावते की जास्त दिवस घेऊ नका. मी वाचलं, मला कळलं, आणि तरी मी पाणी उकळत ठेवलं. ती घरात खाणं तोडायची ते बघितलेलं; जोडीला मीही तसंच जेवण तोडलं. सकाळी काही नाही, दुपारी काकडी, संध्याकाळी एक अंडं.

पाच दिवसांत तीन किलो उतरले. दुकानातल्या वजनकाट्यावर मी तीनदा उभी राहिले. तो आनंद मी नाकारणार नाही. त्या दिवशी कामशेतच्या जीपमध्ये मी खिडकीच्या काचेत स्वतःला बघत आले.

मग गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला काउंटरवर उभी असताना छातीत धडधड सुरू झाली. हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. आमच्याच दुकानातल्या मशीनवर बीपी बघितलं, ते चढलेलं. नाडी एकशे अठरा. मालकांना म्हटलं, "जरा जाऊन येते," आणि शेजारच्या डॉक्टरांकडं गेले. हे डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे.

त्यांनी नाडी बघितली, ईसीजी काढला, मग म्हणाले, "काय घेतलंत?"

मी पर्समधून गोळ्यांची डबी काढली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांजवळ नेली.

"खास मिश्रण, म्हणे. कशात किती आहे, कुठं लिहिलंय का?"

"नाही."

"कॅफिन तर आहेच. बाकी काय, ते बनवणाऱ्यालाच माहीत. अशा गोळ्यांत बंदी घातलेलं औषधही मिसळलेलं सापडलंय. तुम्ही फार्मासिस्ट ना?"

"हो."

"चरबी जाळते म्हणतात. जाळते किती? नाडी वाढते, ऊर्जा थोडी जास्त खर्च होते. अर्ध्या चपातीत भरून निघेल. आणि तो चहा?"

"जुलाबाचा आहे."

"मग सांगा मला, अन्न कुठं शोषलं जातं?"

परीक्षेत बसल्यासारखं मी म्हणाले, "लहान आतड्यात."

"आणि सोनामुखी कुठं काम करते?"

"मोठ्या."

"म्हणजे खाल्लेलं अंगाला लागून झाल्यावर. बाहेर काय जातं? पाणी आणि क्षार. पोटॅशियम घसरलं तर हृदयाचे ठोके चुकतात. शरीर साफ करायचं म्हणता, तर त्यासाठी यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. बंद करा सगळं. आणि जेवा."

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. पोटॅशियम खालच्या काठाला होतं. मी जेवायला लागले. सहाव्या दिवशी तीनही किलो परत, वर अर्धा जास्त. उपाशी राहिलं की शरीर आधी साठवलेली साखर वापरतं, तिच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी जातं. काट्यावर दिसतं ते मुख्यतः तेच. आणखी ताणलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, शरीर खर्चात हात आखडता घेतं, भूक मात्र दुप्पट होते. कॉलेजात शिकलेलं सगळं मला आठवलं, तीन किलो परत आल्यावर.

पण मग रीलमध्ये तिचं वजन परत आलेलं का दिसत नव्हतं? हा प्रश्न मला चावायला लागला. मी तिचे ते दोन फोटो मोठे करून बघितले. उजवीकडच्या फोटोत ऊन बाजूनं, मान वर, पोट आत. डावीकडच्यात वरून पांढरा दिवा, खांदे पाडलेले. तिच्या मागं खिडकीत कुंचीची दोरी लोंबत होती. बाळाची कुंची.

तो फोटो मीच काढला होता. तीन वर्षांपूर्वी, पुतण्याच्या बारशाच्या दिवशी. बाळंतपणानंतर बारा दिवसांची बाई कशी दिसते, तशी ती दिसत होती. एकवीस दिवस कसले, दोन फोटोंत तीन वर्षं होती.

मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. मूळ फोटो मी शोधून ठेवला. दिवाळीला सगळे जमतील तेव्हा सगळ्यांसमोर दाखवायचा, असं ठरवलं. तोवर गप्प.

त्या गप्प राहण्यात मी काय काय बघितलं, ते सांगायला हवं. ती नव्या रीलच्या आधी पंधरा पंधरा दिवस जवळजवळ काही खायची नाही. मग पाहुण्यांचं बार्बेक्यू असलं की एकदम तुटून पडायची. अंग सुटलं की जुने व्हिडिओ टाकायची. मोरीच्या जाळीत केसांचे पुंजके अडकलेले असायचे. एकदा तुळशीला पाणी घालताना तिला चक्कर आली, तिनं कठडा धरला. मी ओट्यापाशी उभी राहून बघत होते. मला सगळ्याचा अर्थ माहीत होता. आणि माझ्या मनात आलं, बरं झालं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी, भरदुपारी, पाहुण्यांची ताटं वाढत असताना ती एकदम उजव्या बरगडीखाली हात दाबून खाली बसली. महिनाभर उपास काढून आदल्या दिवशी तिनं मटण खाल्लं होतं. तिला ओकारी झाली. कळ उजव्या खांद्यापर्यंत जात होती.

सासूबाई म्हणाल्या, "पित्त झालं आसंल. लिंबू दे तिला."

"न्हाई, लिंबू नको," मी म्हटलं. "गाडी काढा."

तळेगावच्या दवाखान्यात सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, खड्यांना कारणं बरीच असतात, बाळंतपणानंतरही होतात. पण वजन असं झपाट्यानं उतरवलं की धोका वाढतो. पित्त साचून राहतं, घट्ट होतं. दुर्बिणीनं पित्ताशय काढावं लागलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिच्या कॉटशेजारी मी एकटी होते. ती छताकडं बघत म्हणाली, "ताई, तो फोटो बारशाचा आहे. तुम्ही ओळखला असेलच."

"ओळखला."

"मग बोलला का नाहीत?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "दिवाळीला सगळ्यांसमोर बोलणार होते."

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "कंपनीनंच सांगितलं, जुना फोटो चालेल. एकदा खोटं टाकलं, मग तसंच दिसत राहावं लागलं. घरात सगळे तुम्हाला विचारून औषध घेतात. मला कुणी विचारायचं नाही. म्हटलं, मलाही कुणीतरी काहीतरी विचारावं."

मला रडू आलं, पण तिच्यासाठी की स्वतःसाठी, ते आजही ठरवता येत नाही. मी तिला मऊ भात भरवला. तिनं खाल्ला.

घरी आल्यावर तिनं कंपनीचा कोड काढून टाकला आणि एक नवी रील केली. त्यासाठी चार दिवस ती माझ्यामागं वही घेऊन फिरली. जुलाबाचा चहा कुठं काम करतो, काट्यावर पाणी कसं उतरतं, सगळं विचारून घेतलं. कॅमेऱ्यासमोर मेकअप न करता बसली आणि म्हणाली, "माझा फोटो खोटा होता. असा दावा दिसला की विचारा, सांगणाऱ्याला विकून काय मिळतंय? दोन फोटोंच्या मध्ये खरोखर किती दिवस आहेत? ज्यांचं वजन परत आलं, त्यांचे फोटो कुठं आहेत? डबीवर घटक आणि त्यांचं प्रमाण लिहिलंय का? नुसता परवान्याचा नंबर म्हणजे गुणाची खात्री नव्हे. आणि आठवड्यात पाच किलो म्हणणारा माणूस तुमच्या चरबीबद्दल बोलतच नाहीये."

शेवटचं वाक्य तर शब्दाशब्दानं माझं होतं.

ती रील आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त चालली. मी मात्र भाकरी आहे तेवढीच ठेवून तळलेलं कमी केलं, मूग-मटकी वाढवली, रोज धरणाच्या रस्त्यानं चालायला लागले. आठ महिन्यांत चार किलो कमी झाले. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, नवऱ्याच्याही नाही.

परवा लोहगडवाडीच्या एक मावशी बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या. काउंटरवर टेकून म्हणाल्या, "तुमच्या जावेचं बगितलं का? काय समजावून सांगती ती पोरगी! चहाचा डबा फेकून दिला बगा मी."

"व्हय का?" मी म्हटलं.

"तुमी दवाखान्यातल्या माणसांनी असं सोपं करून कधी सांगितलंच न्हाई. तिच्याकडनं शिका वाईच."

मला पुन्हा तिचा तसाच हेवा वाटला. मी हसले, गोळ्यांच्या पट्टीवर सकाळ-संध्याकाळची खूण केली आणि मावशींच्या हातात दिली.