थंड गाठ

त्या मंगळवारी सकाळी ताईला अंथरुणातून उठता आले नाही. पाय हलत नव्हते. दाजी गोठ्यात होते. तिने हाक मारली, ती त्यांच्या आधी शेजाऱ्यांना ऐकू गेली.

दुपारी आम्ही तिला एमआरआयला नेले. तेच सेंटर, जिथे मी सप्टेंबरात तिची वेळ घेतली होती.

ताईचे सासर मखमलाबादचे. शेती झेंडू आणि शेवंतीची. पावसाळ्यात तिची पाठ दुखू लागली. वाकून वाकून भरली असेल, असे सगळे म्हणाले, तीही म्हणाली. मग संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, ब्लाउज सैल होऊ लागले. पंचवटीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. नॉर्मल आला. तरी ताप आणि वजन पाहून ते म्हणाले, एमआरआय करून घ्या. दाजींनी एक्स-रे नॉर्मल आला, तेवढेच लक्षात ठेवले.

मी वेळ ठरवून गाडी घेऊन गेले, तेव्हा ते ओट्यावर बसून दोऱ्याची रिळे मोजत होते.

"एक्स-रे नॉर्मल हाय. आता अजून काय बघायचं?"

"एक्स-रेत सगळं दिसत नाही, दाजी. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आमच्या मॅडम पुस्तकं वाचून डॉक्टर झाल्या." ते ताईकडे वळले. "दसऱ्याचा झेंडू मशीनमधून तोडायचा का?"

ताई हसली. मला वाटले होते ती माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "दसरा होऊ दे गं. तू उगाच घाबरवतेस." तिच्या त्या हसण्याचा मला अजून राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते.

दसऱ्यानंतर तिच्या उजव्या कुशीखाली गाठ आली. लिंबाएवढी, मऊ. दाजींनी हात लावून पाहिला. "गरम लागते का? नाही. लाल हाय का? नाही. मग पू कसला? चरबी हाय." मालिशवाला बोलावला. त्याने पाठीसोबत गाठही चोळली. ताई चालताना पाय ओढू लागली, तेव्हा तो म्हणाला, शीर मोकळी होतेय.

त्या मंगळवारी सेंटरमधल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पडद्यासमोर बसवले. मागे दाजी उभे होते.

"छाती संपते आणि कंबर सुरू होते, तिथले हे दोन मणके," त्या म्हणाल्या. "समोरासमोरच्या कडा खाल्ल्या गेल्यात. मधली चकती जवळजवळ उरलेली नाही. कॅन्सर बहुतेक वेळा चकतीला सोडतो. इथे आजार एका मणक्यातून चकती ओलांडून दुसऱ्यात गेलाय, बाजूला पू आहे. क्षयाचं चित्र असंच असतं. तपासणीला नमुना घ्यावा लागेल, पण मला फारशी शंका नाही."

"क्षय? तिला खोकला नाही," दाजी म्हणाले.

"मणक्याच्या क्षयाला खोकला लागत नाही."

मग त्यांनी पडद्यावरची एक पांढरी पट्टी बोटाने दाखवली. ती मणक्याजवळून निघून कंबरेच्या स्नायूतून खाली, कुशीपर्यंत उतरली होती. "ही तुमची गाठ. पूच आहे. क्षयाची गाठ गरम नसते, दुखतही नाही फारशी. म्हणून तर ती फसवते." पट्टीचा दुसरा भाग मागे वळला होता. तिथे मज्जारज्जू चेपून दोऱ्यासारखा झाला होता.

मी विचारले, "सप्टेंबरात काढला असता तर?"

"एक्स-रेला हाड बरंच झिजल्यावर कळतं. एमआरआयमध्ये त्याआधी, हाडातली सूजच दिसते. तेव्हा मज्जारज्जूवर दाब नसता, तर बहुतेक गोळ्यांवर भागलं असतं. पाय वाचवायचे असतात ते पाय जाण्याआधी."

दाजी म्हणाले, "आता झालं ते झालं."

"तुम्हाला झालं," मी म्हणाले.

"आमच्या पोरींसमोर टीबी म्हणायचं नाही. त्यांची लग्नं व्हायचीत."

म्हणजे बाईंचे बोलणे ऐकून त्यांच्या मनात आलेली गोष्ट ही होती.

शस्त्रक्रिया झाली. पू काढला, मणक्यांना स्क्रू बसवले, नमुन्यातून क्षयच निघाला. गोळ्या चालू झाल्या आणि आजार हटत गेला. पाय परतले नाहीत. सर्जनने आधीच सांगितले होते की दाब जितका जुना आणि जितका जास्त, तितकी आशा कमी. ताईला कमरेखाली काही कळत नव्हते, म्हणून पाठीखालची जखम तिला दुखली नाही. तिच्या सुनेला वासावरून कळली, तोवर ती हाडापर्यंत गेली होती. त्या जखमेचे विष रक्तात पसरले, आणि उन्हाळ्यात ताई गेली.

दहाव्याला दाजी लोकांना सांगत होते, "बाहेरची बाधा होती. एक्स-रे तर नॉर्मल होता." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "क्षय होता. मणक्याचा. वेळेवर पाहिला असता तर ती चालत असती." मावशीने माझा हात धरून मला बाहेर नेले.

दाजींशी मी बोलत नाही. ताईची व्हीलचेअर त्यांच्या पडवीत आहे. तिच्यावर झेंडूचे क्रेट ठेवतात.