काळ्या रश्श्याची पिन कमेंट

माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली एकच रड असायची : ताई, आधी भाषा सुधारा. मी मराठवाड्याची, लग्न होऊन काळेवाडीत आलेली, आणि चॅनलवर काळा रस्सा शिकवणार होते. भाषा सुधारून रस्सा काळा होतो का? म्हणून या वेळी लोकांना भांडायला दुसरंच काहीतरी द्यायचं मी ठरवलं.

"व्हिडिओ कसा वाटला?" असं आधी लिहिलं आणि लगेच खोडलं. एवढं मोकळं विचारलं की मंडळी परत भाषेवर घसरणार. मग लिहिलं : "रस्सा काळा करणारी एक वस्तू मी कढईत गुपचूप टाकलीय. रंग कुठं बदलतो ते परत बघा आणि सांगा. भाजलेलं खोबरं, कारळं की तिसरंच काही?" व्हिडिओ टाकल्या टाकल्या ही कमेंट सगळ्यांच्या वर पिन केली.

खोबरंवाले आणि कारळंवाले असे जुंपले की भाषेचं कुणी नावही काढेना. मी मनात फुगड्या घालत होते, तेवढ्यात खाली उत्तर आलं : "चहा पावडर. डबा माझा हाय, आन् आता रिकामा हाय."

बाहेरच्या खोलीत मोबाइल घेऊन बसलेल्या सासूबाई!

ते उडवायची माझी काय बिशाद? उलट मीच खाली विचारलं, "सासूबाईंचं खरं मानायचं की नाही?" मग काय, गावोगावच्या सासवा मैदानात उतरल्या.

संध्याकाळी सासूबाईंनी माझ्यापुढं चहाचा कप ठेवला. आत नुसतं पांढरं दूध.

"यात काय टाकलं न्हाई," त्या म्हणाल्या, "ते पिन कर आता."